‘आजीवन’ म्हणजे कोणाचे जीवन?

मराठी माणसाला ‘आजीवन’ हा शब्द नवा नाही. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत आजीव सभासदांच्या नावांचे फलक भिंतीवर लावलेले असतात. मासिकांना आजीव वर्गणीदार असतात. जुन्या सनदांतून एखादे उत्पन्न ‘तहहयात’ दिले आहे की ‘वंशपरंपरेने’ दिले आहे, याचा स्पष्ट उल्लेख असे आणि त्यावरून पुढे पिढ्यान् पिढ्या भांडणे होत. आयुर्विम्याच्या कागदावरही कोणाच्या हयातीचा विमा आहे, हे नाव घालून लिहिलेले असते. तात्पर्य, ‘आजीवन’ म्हटले की ते कोणाचे जीवन, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी अनुत्तरित ठेवला नव्हता.

मासिकाचा आजीव वर्गणीदार असलेल्या गृहस्थाला एवढे माहीत असते की, आपण हयात आहोत आणि मासिकही हयात आहे तोवर अंक घरी येत राहील. मासिकच बंद पडले तर तो हळहळतो, पण फसवणूक झाली असे म्हणत नाही. मात्र मासिक धडधाकट चालू असताना संपादकांनी एके दिवशी पत्र धाडून कळवावे की, ‘आमच्या नव्या धोरणानुसार आजीव म्हणजे दोन वर्षे, आपली दोन वर्षे संपली आहेत, सबब पुन्हा वर्गणी भरावी’, तर? असे पत्र काढण्याचे धाडस आजवर कोणत्या संपादकाला झाल्याचे ऐकिवात नाही. इंटरनेटवर अभ्यासक्रम विकणाऱ्या एका कंपनीला मात्र ते झाले, आणि मी तिच्या ग्राहकांपैकी एक आहे. कंपनीचे नाव येथे मुद्दामच देत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही.

हकीकत थोडक्यात अशी. जुलै २०२३ मध्ये, प्रथम वर्ष कलेला प्रवेश घेतला तेव्हा, मी स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी एक ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला. राहुरीसारख्या तालुक्याच्या गावी राहून पुण्याच्या शिकवणीचा आणि तेथील खोलीभाड्याचा खर्च टाळावयाचा, तर हाच मार्ग आम्हा अनेकांना परवडतो. त्या कंपनीच्या पानावर तेव्हा दोन पर्याय होते. एका वर्षासाठी २,४०० रुपये आणि ‘लाइफटाइम अ‍ॅक्सेस’साठी ५,४०० रुपये. ही परीक्षा एका वर्षात कोणी सर करीत नाही. पदवीची तीन वर्षे आणि त्यापुढची दोन-तीन वर्षे तरी धरावीच लागतात. म्हणून वडिलांनी कांद्याच्या पट्टीचे पैसे आले तेव्हा आपल्या खात्यातून ५,४०० रुपये भरले.

एप्रिल २०२५ मध्ये कंपनीचा ईमेल आला. सुधारित धोरणानुसार ‘लाइफटाइम’ याचा अर्थ खरेदीपासून २४ महिने असा राहील आणि त्यानंतर दरवर्षी १,२०० रुपये भरून नूतनीकरण करता येईल, असे त्यात म्हटले होते. जुलै २०२५ उजाडला आणि माझे सर्व पाठ कुलूपबंद झाले. त्यांत इतिहासाचे पाठ होते, मराठी व्याकरणाचे होते, आणि मी पाठांवर ठिकठिकाणी लिहून ठेवलेली टिपणेही होती. ती टिपणे तर माझीच होती. पण तीही त्याच कुलपाआड गेली.

आता कंपनीची बाजूही मांडली पाहिजे, नाही तर ते एकतर्फी होईल. मी तक्रार केल्यावर कंपनीने तीन गोष्टी कळविल्या. पहिली, पाठ साठवून ठेवण्यास व दाखविण्यास तिला दरमहा खर्च येतो. दुसरी, राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाल्यामुळे जुना अभ्यासक्रम तसाही कालबाह्य झाला आहे. तिसरी, आणि तिचा सारा भर हिच्यावरच होता, की खरेदीच्या वेळी मी ज्या अटी मान्य केल्या त्यांत ‘कंपनी या अटी वेळोवेळी बदलू शकते आणि वापर चालू ठेवल्यास बदल मान्य असल्याचे समजले जाईल’ असे एक कलम आहे.

पहिल्या दोन गोष्टींचे उत्तर सोपे आहे. साठवणुकीचा खर्च २०२३ मध्येही होताच. तो जमेस धरूनच २,४०० ऐवजी ५,४०० रुपये घेतले असणार. मुख्य परीक्षेचे स्वरूप बदलले हे खरे. पण त्यामुळे मराठ्यांचा इतिहास बदलला नाही की समासाचे प्रकार बदलले नाहीत. शिवाय जुने पाठ कालबाह्य झाले म्हणून नवे मोफत द्या, अशी माझी मागणीच नव्हती. जे विकत दिले ते काढून घेऊ नका, एवढेच म्हणणे होते.

तिसरी गोष्ट मात्र नीट तपासली पाहिजे, कारण बहुतेक विद्यार्थी तेथेच गप्प बसतात. ‘आपणच तर मान्य केले होते’ असे वाटून ते हात टेकतात. वास्तविक कराराचा कायदा १८७२ चा आहे आणि त्याच्या ६२ व्या कलमाचे मर्म असे की, जुना करार बदलावयाचा असेल तर दोन्ही पक्षांची संमती लागते. एका पक्षाने पूर्ण पैसे आधीच मोजलेले असताना दुसऱ्याने आपली बाजू मनास येईल तशी आखडती घेणे, ही संमती नव्हे. ‘वापर चालू ठेवला म्हणजे मान्यता’ हे तर्कशास्त्रही येथे लंगडे पडते. ज्या वस्तूचे पैसे मी भरले आहेत ती वापरावयाची नाही, तर मग करावयाचे काय? घरमालकाने भाडेकरूस ‘उद्या उंबरा ओलांडलास तर वाढीव भाडे मान्य’ असे म्हणावे, त्यातलाच हा प्रकार झाला.

जाहिरातींविषयी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांतही हाच न्याय आहे. जाहिरातीतील मुख्य विधान खाली बारीक अक्षरांत स्पष्ट करता येते, पण खोडून काढता येत नाही. वर ठळक अक्षरांत ‘लाइफटाइम’ आणि खाली ‘आम्ही वाटेल तेव्हा बदलू’, हे स्पष्टीकरण नव्हे. ते खोडून काढणेच आहे.

या शब्दाचा वाद आपल्याकडे पूर्वी एकदा होऊन गेला आहे, याची आठवण येथे करून द्यावीशी वाटते. २००५ च्या अखेरीस आणि २००६ च्या आरंभी मोबाइल कंपन्यांनी सुमारे हजार रुपयांत ‘लाइफटाइम’ कार्डे विकावयास काढली. रिचार्ज न करता आयुष्यभर फोन येत राहतील, असे आश्वासन होते. खेड्यापाड्यांतील कितीतरी लोकांच्या हाती पहिला मोबाइल आला तो या कार्डामुळे. तेव्हाही प्रश्न उभा राहिला की लाइफटाइम म्हणजे कोणाचे? ग्राहकाचे, फोनचे की कंपनीचे? दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २१ मार्च २००६ च्या आदेशाने त्याचे उत्तर दिले. कंपनीला सेवा देण्याचा परवाना आहे तोवर, आणि त्या परवान्याचे नूतनीकरण झाल्यास पुढेही, ‘लाइफटाइम’ योजना चालू राहिली पाहिजे. तसेच आपला परवाना कोणत्या महिन्यात व कोणत्या वर्षी संपतो, हे कंपनीने ग्राहकाला आधी सांगितले पाहिजे.

पुढे २०१८ च्या अखेरीस काही कंपन्यांनी दरमहा किमान ३५ रुपयांच्या रिचार्जची सक्ती आणली, तेव्हा आजीवन योजना घेतलेल्यांच्याही तक्रारी झाल्या. म्हणजे नियम झाला की प्रश्न मिटला, असे नव्हे. तरीही त्या आदेशातले सूत्र मला मोलाचे वाटते. ‘आजीवन’ हे ग्राहकाचे आयुष्य नसेल तर नसो. पण ते निदान सेवेचे आयुष्य असले पाहिजे, आणि ते किती हे विकतानाच सांगितले पाहिजे. कंपनी बंद पडली, दिवाळे निघाले, तर आम्ही मासिकाच्या वर्गणीदारासारखे हळहळू. परंतु तोच अभ्यासक्रम, तेच पाठ, त्याच कंपनीकडून आजही नव्या ग्राहकांना विकले जात असताना जुन्या ग्राहकाचे ‘जीवन’ संपले असे म्हणणे, हा शुद्ध शब्दच्छल आहे.

येथवर विचार झाला. आता कृतीचा भाग. आपल्या महाविद्यालयातील कित्येकांना असे अनुभव येतात आणि ‘एवढ्याशा रकमेसाठी कोण कोर्टात जातो’ असे म्हणून ते सोडून देतात. कंपन्यांचे गणित नेमके या वाक्यावर बसलेले असते. म्हणून मी काय केले ते क्रमाने सांगते.

आधी पुरावा जमा केला. पैसे भरल्याची पावती व व्यवहाराचा क्रमांक, ‘लाइफटाइम’ असे लिहिलेला स्वागताचा ईमेल, धोरणबदलाचा ईमेल आणि कुलूप लागलेल्या पडद्याचे छायाचित्र, तारखेसह. कंपनीने आपले विक्रीचे पान दरम्यान बदलले होते. परंतु इंटरनेटवरील पानांच्या जुन्या प्रती जपून ठेवणारे संग्रह आहेत आणि त्यांत २०२३ मधील पानाची प्रत मिळाली. कोणाच्या पानाची अशी प्रत मिळतेच असे नाही. म्हणून खरेदीच्या दिवशीच त्या पानाचे व अटींचे छायाचित्र काढून ठेवणे केव्हाही चांगले.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यास लिहिले. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार असा अधिकारी नेमणे आणि त्याचे नाव-पत्ता संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे. त्याने ४८ तासांत पोच द्यावयाची असते आणि एका महिन्यात निवारण करावयाचे असते. ग्राहक सेवेच्या खिडकीत गप्पा मारल्यासारखे संदेश पाठवण्यापेक्षा या अधिकाऱ्यास नावाने लिहावे, कारण महिन्याची मुदत तेथून मोजता येते.

कंपनीने उत्तरादाखल ६०० रुपयांचे कूपन देऊ केले. हा आकडा कोठून आला, तो हिशेब मनोरंजक आहे. वर्षाला २,४०० प्रमाणे दोन वर्षांचे ४,८०० झाले. ५,४०० मधून ते वजा जाता ६०० उरले. वरवर पाहता हिशेब चोख दिसतो. पण त्यात मेख अशी की, मी दोन वर्षे विकत घेतलीच नव्हती. एका वर्षाच्या किमतीवर आणखी ३,००० रुपये मी भरले ते दरवर्षीच्या हिशेबातून मोकळे होण्यासाठी. करारभंगाचे नुकसान मोजण्याची रीत निराळी आहे. जे देण्याचे कबूल केले होते ते मिळविण्यास आता किती खर्च येईल, ते पाहावयाचे. मला आणखी पाच वर्षे हे पाठ हवे असतील तर १,२०० प्रमाणे ६,००० रुपये लागतील, म्हणजे मूळ किमतीहूनही अधिक. कंपनीच्या ६०० रुपयांत अर्धे वर्ष निघते. दोन हिशेबांतला हा फरक ज्याला समजला, तो कूपन घेऊन गप्प बसणार नाही.

त्यानंतर १९१५ या क्रमांकाच्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविली. हेल्पलाइन तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागवते. पण आदेश देण्याचा अधिकार तिला नाही, हे ध्यानात ठेवावे. तरीही तिचा उपयोग झाला. महिनाभर मूग गिळून बसलेल्या कंपनीने ‘विशेष बाब म्हणून’ मला एक वर्षाची मुदत वाढवून देण्याची तयारी दाखविली. मी ती नाकारली. हक्काची वस्तू कृपा म्हणून घेतली की पुढच्या वर्षी पुन्हा कृपेचीच वाट पाहावी लागते.

शेवटी नोटीस पाठवून पंधरा दिवस वाट पाहिली आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली. येथे चार-पाच गोष्टी माहीत असाव्यात. कंपनीच्या अटींत ‘वाद झाल्यास फक्त बंगळूरच्या न्यायालयात’ असे लिहिलेले होते. परंतु २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या ३४ व्या कलमानुसार ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार करता येते. राहुरीकरांना त्यासाठी बंगळूर गाठावयास नको; आपला जिल्हा आयोग अहिल्यानगरला आहे, आणि तक्रार संगणकावरूनही दाखल करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील दिलाच पाहिजे असेही नाही. पैसे वडिलांनी भरले आणि अभ्यास मी केला, तर ग्राहक कोण? कायद्याने पैसे भरणाऱ्याच्या संमतीने सेवा घेणारा लाभार्थीही ग्राहकच ठरतो. मुदत दोन वर्षांची आहे, आणि ती खरेदीपासून नव्हे, तर तक्रारीचे कारण घडल्यापासून, म्हणजे माझ्या बाबतीत जुलै २०२५ पासून मोजावयाची.

‘शिक्षण ही सेवाच नाही’ असा एक बचाव अशा वेळी पुढे येतो. २० जानेवारी २०२० च्या राष्ट्रीय आयोगाच्या निर्णयात शिक्षणसंस्थांना ग्राहक कायद्याच्या बाहेर ठेवले आहे, हे खरे. पण त्याच निर्णयात खासगी शिकवण्या शिक्षणसंस्थांच्या पंक्तीत बसत नाहीत आणि त्यांच्याविरुद्ध ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, असेही स्पष्ट म्हटले आहे. अभ्यासक्रम विकणारी कंपनी पदवी देत नाही आणि विद्यापीठाशी संलग्नही नाही. तिची जागा शिकवणीच्या रांगेत आहे.

एका बारकाव्यात मात्र पाय घसरण्याचा धोका आहे. नव्या कायद्यात ‘अनुचित करार’ अशी एक स्वतंत्र कल्पना आहे. एका पक्षाला वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपविण्याची मुभा देणारी अट त्यात मोडते. वाचताना वाटते, हीच तर आपली केस! पण अनुचित कराराची तक्रार ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला नाही. ती राज्य आयोगाकडे न्यावी लागते. म्हणून जिल्हा आयोगापुढच्या तक्रारीत ‘ही अट रद्द करा’ असे मागू नये. ‘कबूल केलेली सेवा दिली नाही, ही सेवेतील त्रुटी, आणि आजीवन म्हणून विकून काढून घेतली, ही अनुचित व्यापारी प्रथा’ असे मांडावे. मागणीही बेताची असावी. मी पाठ पूर्ववत खुले करावेत, ते शक्य नसल्यास ५,४०० रुपये व्याजासह परत द्यावेत, आणि तक्रारीचा खर्च द्यावा, एवढेच मागितले आहे. मनस्तापाचे लाख रुपये मागितल्याने मनस्ताप मोठा होत नाही. तक्रार मात्र हलकी होते.

कंपनीला नोटीस मिळाल्यावर उत्तरासाठी ३० दिवस असतात आणि आयोग फार तर आणखी १५ दिवस देऊ शकतो. निकाल तीन महिन्यांत लागावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात. याची तयारी ठेवूनच पाऊल टाकलेले बरे.

माझ्यापुरता प्रश्न ५,४०० रुपयांचा आहे. पण माझ्या माहितीत आपल्याच महाविद्यालयातील तिघांनी ‘विशेष बाब’ स्वीकारली आणि दोघांनी १,२०० रुपये मुकाट्याने भरले. जो ओरडेल त्याला वर्षभराची वाढ आणि जो गप्प बसेल त्याच्याकडून दरसाल वसुली, अशी ही पद्धत आहे. तिला एकेकट्या तक्रारींनी आळा बसणार नाही. समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने, आयोगाच्या परवानगीने, एकानेही तक्रार करण्याची सोय कायद्यात आहे. ग्राहकांचा एक वर्गच नाडला जात असेल तर केंद्रीय प्राधिकरण स्वतःही चौकशी करू शकते. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची स्थापना केली, तेव्हा ग्राहकासाठी वेगळा कायदाही नव्हता. तो आला १९८६ मध्ये. संघटना आधी आली आणि कायदा मागून, हे विसरता कामा नये.

माझे मत असे आहे की ‘लाइफटाइम’ या शब्दावर बंदी घालण्याचे कारण नाही. पण त्यापुढे वर्षांचा आकडा छापण्याची सक्ती असावी. ‘ट्राय’ने २००६ मध्ये मोबाइल कंपन्यांना परवान्याची अखेर सांगावयास लावली. त्याच धर्तीवर अभ्यासक्रम विकणाऱ्याने ‘निदान अमुक सालापर्यंत’ असे लिहावे. त्याआधी सेवा बंद करावयाची झाली तर सहा महिने आधी कळवावे, पाठ उतरवून घेऊ द्यावेत, किंवा ते जमत नसेल तर पैसे परत करावेत. धोरण बदलण्याचे स्वातंत्र्य कंपनीला जरूर असावे. पण ते उद्याच्या ग्राहकासाठी, कालच्या ग्राहकासाठी नव्हे.

या मजकुराच्या वाचकांपैकी ज्यांच्या मोबाइलमध्ये असा एखादा ‘आजीवन’ अभ्यासक्रम आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर त्याची पावती शोधावी, अटींचे पान जपून ठेवावे आणि आपली टिपणे वहीत उतरवून घ्यावीत. वहीला आजीवन म्हणत नाहीत, पण तिला कुलूप घालावयास कोणी येत नाही.